रातपाळी, झोप आणि सराव : गळीत हंगामातील एक दिनक्रम

दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत मोळी पडली की गडहिंग्लज परिसरातील शेकडो घरांचे घड्याळ बदलते. साखर कारखाना एकदा सुरू झाला की हंगाम संपेपर्यंत थांबत नाही. पाळ्या बहुतेक ठिकाणी पहाटे 4 ते दुपारी 12, दुपारी 12 ते रात्री 8 आणि रात्री 8 ते पहाटे 4 अशा असतात. याच काळात याच घरांतील तरुण मैदानावरही असतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्यभरतीची. गडहिंग्लज हे फुटबॉलचे गाव म्हणून ओळखले जात असल्याने कोणी आपल्या संघातील जागा टिकविण्यासाठी धडपडत असतो. हंगामी कामगार, उपजिल्हा रुग्णालयातील परिचारिका, औद्योगिक वसाहतीतील रखवालदार या सर्वांपुढे प्रश्न एकच असतो. रात्र कामात गेल्यावर पावसाळ्यात मिळविलेला दम हंगामाअखेर शिल्लक राहावा कसा?

या लेखात त्यापैकी एकाच पाळीचा, म्हणजे रात्री 8 ते पहाटे 4 या पाळीचा, विचार केला आहे. नमुन्यादाखल 24 वर्षांचा, 62 किलो वजनाचा एक तरुण आपण डोळ्यांपुढे ठेवू. तो कारखान्यात हंगामी कामगार आहे आणि पोलीस शिपाई भरतीसाठी सराव करतो. या भरतीच्या शारीरिक चाचणीचे 50 गुण असून पुरुष उमेदवारांना 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे व गोळाफेक असे तीन प्रकार असतात. 1600 मीटरला 20 गुण असून ते सर्व मिळविण्यासाठी हे अंतर 5 मिनिटे 10 सेकंदांत संपवावे लागते. म्हणजे मैदानाची 400 मीटरची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत झाली पाहिजे. आपल्या तरुणाला हंगामाच्या आरंभी 5 मिनिटे 40 सेकंद लागतात, म्हणजे फेरीला 85 सेकंद. त्याला तीस सेकंद कमी करावयाचे आहेत आणि मध्ये हंगाम आहे.

पहाटे चारचा निर्णय

अशा तरुणाचा दिवस कोठे बिघडतो हे पाहू गेल्यास उत्तर बहुधा एकाच क्षणापाशी येऊन थांबते. पाळी पहाटे 4 वाजता सुटते. तो जागाच असतो आणि मैदान मोकळे असते. ‘पहाटेचा सराव’ म्हणजे उत्तम सराव हे तालमीपासून शाळेपर्यंत सर्वांनी त्याच्या मनावर ठसविलेले असते. तेव्हा तो घरी न जाता थेट मैदानावर जातो, पाच-सहा किलोमीटर धावतो, जोर-बैठका काढतो, सातच्या सुमारास घरी येऊन अंघोळ करतो, चहा घेतो आणि आठ-साडेआठला आडवा होतो. बाहेरून पाहता हा कष्टाळूपणाचा आदर्श वाटतो. प्रत्यक्षात या क्रमाने त्याच्या सरावाचे मोठे नुकसान होते, आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण शरीराच्या तापमानाचे आहे. आपल्या शरीरात दिवस-रात्रीचे एक अंगभूत घड्याळ चालते. पेशींच्या पातळीवर ते कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबाश व यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीराचे आतील तापमान या घड्याळानुसार साधारणतः पहाटे 3 ते 5 या वेळात सर्वांत खाली उतरते आणि दुपारी उशिरा ते संध्याकाळी सर्वांत वर चढते. स्नायूंची चपळाई, जोर आणि तोल यांची चढउतारही साधारण त्याच अंगाने होते. चार वाजता तो तरुण धावतो तेव्हा तो दिवसातील आपल्या सर्वांत दुबळ्या घटकेला धावत असतो. शिवाय तो आदल्या सकाळपासून जागा असेल, तर वीस तासांच्या जागरणानंतर धावत असतो. त्या वेळी काढलेला 78 सेकंदांचा फेरा त्याला संध्याकाळच्या त्याच फेऱ्याहून कितीतरी जड जातो, आणि अंधारात घोटा मुरगळण्याची भीती असते ती वेगळीच.

दुसरे कारण उजेडाचे आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. चार वाजता सुटून साडेचारला घरी पोहोचणाऱ्या माणसाला झोपण्यासाठी अंधाराचे दोन-अडीच तास मिळतात. ही या पाळीची मोठी जमेची बाजू होय. जो कामगार सकाळी 6 किंवा 8 वाजता सुटतो त्याला ती मिळत नाही. तो उन्हातून घरी येतो, आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ ‘दिवस सुरू झाला’ असे समजून झोपेचे दार बंद करू लागते. आपला तरुण मैदानावर थांबून ही मिळालेली सवलत आपल्या हाताने टाकून देतो.

तिसरे कारण सर्वांच्या परिचयाचे आहे. आठ वाजता झोपलेल्या माणसाला गाव झोपू देत नाही. शेजारची गिरणी सुरू होते, पोरे शाळेला निघतात, गोठ्यातील कामे चालू असतात, कोणीतरी सातबारासाठी हाक मारते. तो बारापर्यंत कसाबसा साडेतीन-चार तास झोपतो. दिवसाची झोप तशीही रात्रीच्या झोपेपेक्षा एक ते चार तासांनी तोकडी पडते असे पाळ्यांच्या अभ्यासांत आढळले आहे, कारण आपण झोपू पाहतो तेव्हा शरीराचे तापमान चढत असते.

तोकड्या झोपेने सरावाचे काय बिघडते हेही पाहिले पाहिजे. स्नायू व्यायामाच्या वेळी बळकट होत नाहीत. व्यायामाने त्यांची झीज होते आणि त्यांची भरपाई पुढील विश्रांतीत होते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात तेरा निरोगी तरुण-तरुणींना एक संपूर्ण रात्र जागे ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्नायूंतील प्रथिने बांधण्याचा वेग सुमारे 18 टक्क्यांनी मंदावलेला आढळला. प्रयोगातील माणसे थोडी होती आणि जागरण पूर्ण रात्रीचे होते, म्हणून हा आकडा चार तास झोपणाऱ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भरपाई कोणत्या वेळी होते याची दिशा त्यावरून कळते.

यास्तव पहिला बदल एवढाच की, पाळी सुटल्यावर मैदानाकडे न जाता घरी जावे आणि पाचच्या आत अंथरुणावर पडावे. सराव नाहीसा करावयाचा नाही, तो दुपारनंतर न्यावयाचा आहे.

झोपेचे दोन तुकडे

आपला तरुण पहाटे 5 ते सकाळी साडेअकरापर्यंत झोपतो. हा झोपेचा मोठा तुकडा साडेसहा तासांचा झाला. दुसरा तुकडा दुपारी 2 ते साडेतीन असा दीड तासाचा. दोन्ही मिळून आठ तास भरतात. दुपारी दोनच का, असा प्रश्न कोणी विचारील. दुपारी दोन-तीनच्या सुमारास सर्वांनाच एक नैसर्गिक पेंग येते, तेव्हा झोप लागते. याउलट संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ शरीर सर्वाधिक जागे असण्याची आहे. ‘पाळीला जाण्यापूर्वी संध्याकाळी तासभर पडतो’ असे म्हणणारे बहुतेक जण त्या वेळी नुसते कूस बदलत राहतात आणि आपल्याला झोपेचा विकार जडला आहे अशी समजूत करून घेतात.

खोलीची व्यवस्था खर्चाची नाही. खिडकीला जाड काळे कापड किंवा दुहेरी घोंगडी खिळ्यांनी पक्की बसवावी. आपला हात डोळ्यांसमोर धरून बोटे मोजता येत असतील, तर उजेड अजून अधिक आहे असे समजावे. कानांत कापसाचे किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे बोळे घालावेत. भ्रमणध्वनी खोलीबाहेर ठेवावा. यापेक्षा कठीण काम घरच्यांच्या संमतीचे आहे. रात्री दोन वाजता कोणी आपल्याला उठवीत नाही, तसे सकाळी नऊ वाजता त्याला उठवावयाचे नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा ठरवून द्यावे लागते. सकाळी नऊला अंथरुणात असलेला मुलगा आळशी ठरतो अशी आपल्या समाजाची धारणा आहे, आणि ती या मुलांचे फार नुकसान करते.

हीच गोष्ट परिचारिकेच्या बाबतीत अधिक कठीण होते. तिची रातपाळी अनेक ठिकाणी सकाळी आठला संपते. घरी आल्यावर स्वयंपाक, धुणे आणि मुलांची शाळा तिची वाट पाहत असतात. तिची झोप दहाला सुरू होते आणि दुपारी एकला जेवण वाढण्यासाठी मोडते. महिला उमेदवारांना 800 मीटर धावावे लागते, आणि अशा अनेक मुली घरकाम, नोकरी व सराव हे तिन्ही ओढीत असतात. तिच्यासाठी साडेनऊ ते अडीच हे पाच तास सलग व अभंग मिळणे हीच मुख्य गोष्ट होय. सकाळचे घरकाम त्या आठवड्यापुरते दुसऱ्या कोणी उचलले नाही तर आहार, चहा, सराव यांविषयी कितीही सल्ला दिला तरी तो व्यर्थ आहे.

चहाचा हिशेब

कारखान्यात रात्री चहाला तोटा नसतो. झोप येऊ लागली की चहा, मिल थांबली की चहा, चालू झाली की चहा. चहातील कॅफिन हे द्रव्य शक्ती देत नाही. जागरणाच्या प्रत्येक तासाबरोबर मेंदूत झोपेची खूण म्हणून एक द्रव्य साठत जाते, त्या द्रव्याची जागा कॅफिन अडवून धरते. थकवा तेथेच असतो, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. कॅफिनचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात जाणवू लागतो आणि शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सरासरी पाच तास लागतात. काहींना याहून पुष्कळ कमी, तर काहींना अधिक लागतात.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते, तेवढ्याच तयार पूड-कॉफीत 50 ते 65, आणि दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे ती सांगते. आता मधला आकडा, म्हणजे कपाला 45 मिलिग्रॅम, धरून दोन माणसांचा हिशेब करू. पहिला रात्री 1 ते पहाटे 4 या वेळात तीन कप घेतो. पाच वाजता तो अंथरुणावर पडतो तेव्हा त्याच्या अंगात सुमारे 95 मिलिग्रॅम कॅफिन असते, म्हणजे दोन कप चहा पिऊनच तो झोपावयास गेला असे झाले. दुसरा रात्री साडेआठला एक व साडेदहाला एक असे दोन कप घेतो आणि त्यानंतर घेत नाही. पाच वाजता त्याच्या अंगात 30 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका कपाहूनही कमी, उरते. अमेरिकेत 2013 मध्ये झालेल्या एका अभ्यासात निजण्यापूर्वी सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिननेही झोप एका तासाहून अधिक घटलेली आढळली, आणि गंमत अशी की झोप एवढी घटल्याचे घेणाऱ्यांच्या फारसे ध्यानात आले नव्हते. ‘चहा घेऊनही मला गाढ झोप लागते’ हा अनुभव म्हणूनच पुरावा मानता येत नाही.

आपल्या तरुणाचा नियम त्यामुळे असा ठरतो : दिवसा उठल्यावर बाराच्या सुमारास एक कप, पाळी सुरू होताना एक, साडेदहाला एक, आणि रात्री 11 नंतर नाही. सरावापूर्वी चार वाजता घ्यावयाचा असल्यास बाराचा सोडावा. कागदी पेल्यातील साठ-सत्तर मिलिलिटरचा चहा अर्धा कप समजावा. डब्यातून मिळणारी उत्तेजक पेये 250 मिलिलिटरला 75 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन देतात आणि ती साधारणपणे नेमकी पहाटेच घेतली जातात, म्हणून ती टाळलेलीच बरी. तंबाखूतील निकोटीनही जागे ठेवणारेच द्रव्य आहे. तीनच्या चिमटीने पाचची झोप जाते.

चहा बंद केल्यावर दोन ते चार हे दोन तास अवघड जातात हे खरे आहे. त्या वेळी उठून चालावे, तोंडावर गार पाणी मारावे, काम पाळीपाळीने वाटून घ्यावे. मधल्या सुट्टीत मुकादमाच्या परवानगीने यंत्रापासून दूर वीस मिनिटे डोळे मिटता आले तर त्याचा चहापेक्षा अधिक उपयोग होतो. वीस मिनिटांहून अधिक झोपल्यास उठताना गुंगी येते, म्हणून जागे झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालत्या पट्ट्याजवळ किंवा बॉयलरजवळ जाऊ नये.

येथे एक अपवाद सांगणे अवश्य आहे. पहाटे चार वाजता दुचाकीवरून जाताना डोळे मिटू लागले, आपण गेला मैल कसा आलो हे आठवेना, तर वरील नियम बाजूला ठेवावा. कारखान्यातच वीस मिनिटे पडावे, मगच निघावे, किंवा दुसऱ्याच्या मागे बसून जावे. गाडी चालविण्यावाचून गत्यंतरच नसेल आणि एक चहा घ्यावा लागला तर तो घ्यावा. एक झोप बिघडलेली परवडते. उसाच्या ट्रॉल्यांची रस्त्यावरील गर्दी ध्यानात घेता यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही.

जेवण केव्हा व किती

रात्री एक-दीड वाजता डबा उघडून पोटभर भाकरी, भाजी, भात खाण्याची पद्धत सर्वत्र आहे. कष्टाचे काम आहे तेव्हा जेवण हवेच, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु शरीराच्या घड्याळाप्रमाणे पचनाचाही दिवस असतो. त्याच अन्नाने रात्री रक्तातील साखर दिवसापेक्षा अधिक चढते. अमेरिकेत 2021 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकोणीस निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रातपाळीसारखे जागविण्यात आले. जे रात्रीही जेवले त्यांच्या रक्तातील साखरेची सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली, आणि जे फक्त दिवसाच जेवले त्यांच्यात अशी वाढ आढळली नाही. येथेही माणसे थोडीच होती आणि ती साखर कारखान्यात राबत नव्हती. म्हणून आठ तास अंगमेहनत करणाऱ्याने रात्रभर उपाशी राहावे असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल. जेवणाचा भार दिवसाकडे सरकवावा आणि रात्री थोडेसेच खावे, एवढा बोध मात्र घेता येतो.

आपल्या तरुणाला सरावासाठी वजनाच्या दर किलोस सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे दिवसाला 90 ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. सर्वसामान्य माणसाच्या गरजेपेक्षा ही बरीच अधिक आहेत, पण ती भुकटीच्या डब्याशिवाय घरच्या अन्नातून भागतात. दुपारी साडेबाराला पहिले मोठे जेवण : दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मूठभर कोरड्या मटकीपासून केलेली वाटीभर दाट उसळ, पालेभाजी, मोठी वाटी दही. यातून तेहतीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. झोपून उठल्यावर सरावापूर्वी एक-दोन केळी. सराव संपल्यावर सव्वासहाला दुसरे मोठे जेवण : तीन अंडी, दाट आमटी, दोन भाकऱ्या, थोडा भात. हे पस्तीस ग्रॅमपर्यंत जाते. अंडी न खाणाऱ्याने त्या जागी पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. पाळीवर रात्री बाराच्या आधी दोन मुठी फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे, वाटल्यास एक पेरू, चौदा ग्रॅम. पहाटे घरी आल्यावर पेलाभर कोमट दूध, आठ-नऊ ग्रॅम. हे दूध घेण्याचे कारण असे की, रिकाम्या पोटी झोपलेला माणूस नऊ वाजता भुकेने उठतो आणि मग त्याची झोप पुन्हा जुळत नाही.

हे जेवण रात्रीपूर्वी झाल्याने दीडच्या भाकरीनंतर येणारी सुस्ती आणि पहाटेची आंबट ढेकर हीदेखील कमी होते. चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नये. जेवणापूर्वी व नंतर एक तास तो टाळावा, कारण चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोह शोषू देत नाही. धावणाऱ्या मुलींत रक्तक्षय असेल तर हा एक तास फार महत्त्वाचा ठरतो.

बॉयलर-पॅनच्या बाजूला काम करणाऱ्याने पाण्याकडे लक्ष द्यावे. थंडीच्या दिवसांत तहान कमी लागते, पण घाम तेवढाच जातो. दुपारी उठल्यावर लघवी गडद पिवळी दिसली तर रात्री पाणी कमी पडले असे समजावे. तथापि शेवटच्या तासात तांब्याभर पाणी पिऊन झोपमोड ओढवून घेऊ नये.

सराव किती ठेवावा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सराव साडेचार ते पावणेसहा या वेळात होतो. शरीर तापलेले असते, उजेड असतो, मैदानावर इतर मुले असतात. रातपाळीच्या आठवड्यात अंतर सुमारे एक तृतीयांशाने कमी करावे, पण वेगाचा सराव सोडू नये. कमावलेला वेग थोड्या सरावावर टिकतो. तो पूर्ण सोडला की जातो. आपला तरुण एरवी आठवड्यात 36 किलोमीटर धावत असेल तर या आठवड्यात 24 पुरेत. त्यात वेगाचे दोन दिवस : एका दिवशी 400 मीटरच्या सहाऐवजी चार फेऱ्या, प्रत्येकी 82 सेकंदांत, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती, दुसऱ्या दिवशी 100 मीटरच्या सहा धावा व गोळाफेक. उरलेले दिवस बोलता बोलता धावता येईल अशा गतीने अर्धा तास. रातपाळीची पहिली रात्र संपल्यावर येणाऱ्या संध्याकाळी वेगाचा सराव ठेवू नये, कारण त्या दिवशीची झोप बहुधा सर्वांत वाईट असते. तिसऱ्या व पाचव्या दिवशी तो ठेवावा.

कष्टाचा खरा सराव दुपारपाळीच्या आठवड्यात बसवावा. त्या आठवड्यात रात्री दहा ते सकाळी सहा अशी पूर्ण झोप मिळते आणि साडेसात ते नऊ मैदान मिळते. 82 सेकंदांवरून 80 वर उतरण्याचा प्रयत्न तेव्हाच करावा, वेळेची चाचणीही तेव्हाच घ्यावी. रातपाळीत घेतलेल्या चाचणीत 5 मिनिटे 45 सेकंद आले म्हणून अंतर वाढविणे ही या वाटेवरील ठरलेली चूक आहे. झोपेची तूट भरावयाची असताना तो मेहनत वाढवितो, वेळ आणखी बिघडते, आणि दोन आठवड्यांत पायाची नळी दुखू लागते.

तूट झोपेची की सरावाची हे ओळखण्यासाठी एक साधी वही पुरते. रोज तीन नोंदी : एकूण किती तास झोपलो, उठताच अंथरुणात एक मिनिट मोजलेली नाडी, आणि आजचा सराव हलका गेला की जड. नाडी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून आधी चांगल्या दहा दिवसांची सरासरी काढून ठेवावी. लागोपाठ तीन दिवस ती सरासरीच्या सहा-आठ ठोक्यांनी वर राहिली आणि सराव जड लिहिला गेला, तर वेगाचा दिवस रद्द करून तो वेळ झोपेला द्यावा. दोन दिवस नऊ तास झोपून नाडी उतरली व पाय हलके झाले, तर दोष झोपेचा होता. झोप पुरेशी मिळूनही नाडी उतरली नाही, ताप-खोकला असेल किंवा वजन घटत असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवावे.

भरपूर झोपेचा उलट परिणामही नोंदला गेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अकरा बास्केटबॉल खेळाडूंनी पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांची धावण्याची वेळ सरासरी 16.2 वरून 15.5 सेकंदांवर आली. हा अभ्यास 2011 चा. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सर्व श्रेय झोपेला देता येत नाही.

पाळी बदलताना

शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते, म्हणून आठवड्याच्या रातपाळीत ते पूर्ण उलटत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. सुट्टीच्या दिवशी काही मुले पहाटे पाचला उठून पुन्हा ‘नेहमीसारखी’ होऊ पाहतात, आणि सोमवारी पुन्हा रात्रभर जागतात. त्यापेक्षा सुट्टीच्या रात्री एक-दीडला झोपून नऊला उठावे. यात पाच ते नऊ हे चार तास कामाच्या व सुट्टीच्या दोन्ही दिवसांत झोपेतच राहतात, आणि घड्याळाला धरून राहण्यास एक खुंटी मिळते.

पाळ्यांचा क्रम पहाट, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा असेल तर शरीराला तो सोपा जातो. उलटा क्रम जड जातो. क्रम ठरविणे कामगाराच्या हाती नसते, पण खातेप्रमुखांच्या हाती असते, आणि त्यासाठी खर्च पडत नाही. पाळीपत्रक महिनाभर आधी लावले तर मुलांना सरावाचे आठवडे आखता येतात. उपाहारगृहात मध्यरात्री वडापावाऐवजी फुटाणे, उकडलेली अंडी व ताक ठेवता येईल. शाळांच्या व ग्रामपंचायतींच्या मैदानांबाबत एक सूचना करावीशी वाटते : भरतीच्या मुलांना मैदान पहाटे पाच ते सातच मिळेल असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. हंगामात दुपारी साडेचारनंतर एक पट्टा त्यांच्यासाठी राखून ठेवावा. पहाटेच्या हजेरीला न आलेल्या मुलाचे नाव यादीतून कमी करण्यापूर्वी त्याची पाळी कोणती आहे हे क्रीडाशिक्षकाने एकदा विचारून घ्यावे.

राहता राहिली पहाटपाळी. तिच्यासाठी तीनला उठावे लागते, म्हणजे रात्री आठला अंथरुणावर पडावे लागते, आणि ती वेळ झोपेला सर्वांत प्रतिकूल असल्याचे वर आलेच आहे. त्या आठवड्यात रात्री कधी पाच तासच झोप मिळेल असे गृहीत धरून दुपारी एक ते अडीच झोपावे, सराव साडेचारलाच ठेवावा, शेवटचा चहा दुपारी बाराच्या आत घ्यावा, आणि रात्रीचे जेवण साडेसहाला आटोपून दिवे मंद करावेत.